पावसाळ्याआधी लेप्टोच्या लसीची आठवण : मुंबईतील प्राण्यांच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईत कुत्र्यांच्या लेप्टोस्पायरोसिसच्या लसीची आठवण करून देणाऱ्या बहुतेक पोस्ट जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून रस्त्यांवर पाणी साचल्यानंतर दिसू लागतात. पालकांना विषय त्याच वेळी जवळचा वाटतो हे खरे असले, तरी लस त्या दिवसापासून काम करू लागत नाही. ज्या कुत्र्याला ही लस पूर्वी कधीच दिलेली नाही किंवा जिची मुदत उलटून बराच काळ गेला आहे, त्याला साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात आणि दुसऱ्या डोसनंतरही पुरेसे संरक्षण तयार होण्यास काही आठवडे जातात. म्हणजे जूनच्या मध्यावर आठवण मिळालेल्या कुत्र्याचा जुलै बहुतांशी संरक्षणावाचून जातो, आणि मुंबईत जुलै हा धुवाधार पावसाचा महिना आहे.

दवाखान्यात रिसेप्शनवर किंवा मदतनीस म्हणून नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीकडे आठवणीच्या पोस्ट आणि संदेश लिहिण्याचे काम हमखास येते. सगळ्या लसींच्या आठवणी एका लेखात बसवण्यापेक्षा, येथे फक्त पावसाळ्याआधीच्या लेप्टोच्या लसीची मोहीम पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत कशी आखावी ते सांगितले आहे.

आधी रोग आणि लस समजून घ्या

लेप्टोस्पायरा हे जिवाणू आहेत. उंदीर, घुशी, गुरे आणि बाधित कुत्री यांच्या मूत्रावाटे ते बाहेर पडतात, साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत तग धरतात आणि नाक, तोंड, डोळे यांच्या नाजूक आवरणातून किंवा त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. बाधित कुत्र्यामध्ये ताप, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, कावीळ अशी लक्षणे दिसतात आणि यकृत व मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. हा रोग माणसांनाही होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची मोठी साथ आली होती, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना या रोगाचे नाव नवीन नाही. आपल्या कुत्र्यासाठी त्याची वेगळी लस असते आणि ती दरवर्षी घ्यावी लागते, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

दवाखान्यात ही लस बहुधा 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' अशा एकत्रित लसीचा भाग म्हणून येते. डिस्टेंपर, पार्वो वगैरे विषाणूंविरुद्धचा भाग कोरड्या वडीच्या स्वरूपात एका व्हायलमध्ये असतो आणि अनेक कंपन्यांच्या लसींत तो विरघळवण्यासाठी जो द्रव वापरतात, त्यातच लेप्टोची लस असते. लेप्टोची लस सुटीही मिळते. पोस्ट लिहिणाऱ्याने हा फरक जाणून घ्यावा, कारण प्रौढ कुत्र्यात डिस्टेंपर-पार्वोच्या भागाचे संरक्षण काही वर्षे टिकते, तर लेप्टोचे सुमारे एक वर्षच टिकते. एखाद्या कुत्र्याला या वर्षी पूर्ण एकत्रित लस द्यायची की फक्त लेप्टोची, हा निर्णय डॉक्टरांचा असतो, आणि म्हणून पोस्टमध्ये ठरावीक ब्रँडचे नाव किंवा 'नाइन इन वन घ्या' असा आग्रह लिहू नये.

आणखी दोन मर्यादा मनात पक्क्या असाव्यात. लेप्टोस्पायराचे अनेक उपप्रकार आहेत आणि लस त्यांतील मोजक्याच उपप्रकारांवर असते, म्हणून 'शंभर टक्के संरक्षण' हे शब्द पोस्टमध्ये येता कामा नयेत. दुसरे म्हणजे ही लस कुत्र्यांसाठी आहे. 'तुमच्या लाडक्या प्राण्याला लेप्टोची लस द्या' असे मोघम लिहिले, की मांजरांच्या पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला तेच समजावून सांगावे लागते. शीर्षकातच 'कुत्र्यांसाठी' हा शब्द घातला म्हणजे ही वेळ येत नाही.

तारखा उलट्या मोजा

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान विभागाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. आपली आखणी या तारखेपासून मागे मागे जात करायची. दुसऱ्या डोसनंतर संरक्षण तयार होण्यास किती आठवडे लागतात ते लसीच्या माहितीपत्रकात दिलेले असते आणि कंपनीनुसार त्यात फरक पडतो. ढोबळ हिशेबासाठी तीन ते चार आठवडे धरले, तर दुसरा डोस मेच्या मध्यापर्यंत पूर्ण व्हायला हवा. त्याच्या चार आठवडे आधी पहिला डोस, म्हणजे एप्रिलचा मध्य. पालकांना कार्ड शोधायला, घरात बोलायला आणि वेळ ठरवायला आठ-दहा दिवस तरी लागतात. या हिशेबाने पहिली पोस्ट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जायला हवी, जेव्हा बाहेर रणरणते ऊन असते आणि पावसाचा विचारही कोणाच्या मनात नसतो. त्यामुळे एवढ्या लवकर आठवण का देत आहोत याचे कारण पोस्टच्या पहिल्या दोन ओळींतच यायला हवे.

मेमध्येच लस घेऊन मोकळे होऊ, असे अनेक पालक म्हणतात. मुंबईतील मराठी घरांची यात एक खास अडचण आहे : मुलांच्या परीक्षा संपल्या की मेमध्ये कुटुंब गावी जाते. पहिला डोस एप्रिलअखेरीस झाला, दुसऱ्याच्या तारखेला घर बंद आणि कुत्रा रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, असे दरवर्षी घडते. दोन डोसांमध्ये सहा आठवड्यांपेक्षा अधिक अंतर पडले, तर साधारणपणे दोन्ही डोस पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतात, म्हणजे पालकांचे पैसे, वेळ आणि कुत्र्याला टोचलेली एक सुई व्यर्थ जाते. म्हणून वेळ देतानाच 'मेमध्ये गावी जाणार आहात का?' हा प्रश्न विचारणे मी या मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मानते. उत्तर होकारार्थी असेल तर डॉक्टर दुसरा डोस तीन आठवड्यांनी घेऊन जाण्यापूर्वी काम पूर्ण करू शकतात.

नोंदवही तपासल्याशिवाय एकही संदेश पाठवू नका

सार्वजनिक पोस्ट सर्वांसाठी असते, पण वेळ ठरवली जाते ती बहुतेक वैयक्तिक संदेशामुळे, आणि वैयक्तिक संदेश नोंदीच्या अचूकपणावर उभा असतो. गूगल शीटमध्ये प्रत्येक कुत्र्यासाठी एक ओळ असावी आणि लेप्टोच्या शेवटच्या डोसची तारीख स्वतंत्र रकान्यात असावी. अनेक दवाखान्यांत 'शेवटची लस' असा एकच रकाना असतो आणि त्यात रेबीजची तारीख पडलेली असते, जिची महापालिकेच्या श्वान परवान्यासाठीही गरज लागते. त्या तारखेवरून लेप्टोचा हिशेब केला तर सगळी यादीच चुकते. तारीख भरताना कार्डावरील स्टिकर पाहावा. एकत्रित लसीच्या नावात लेप्टोसाठी शेवटी बहुधा इंग्रजी 'एल' हे अक्षर असते. ते नसेल तर त्या दिवशी लेप्टोची लस दिली असे धरू नये आणि डॉक्टरांना विचारावे.

समजा ई रकान्यात लेप्टोच्या शेवटच्या डोसची तारीख आहे आणि मोहीम ६ एप्रिल २०२६ रोजी सुरू होणार आहे. तेव्हा पुढच्या रकान्यात हे सूत्र लिहावे :

```
=IF(E2="","कार्ड मागवा",DATEDIF(E2,DATE(2026,4,6),"M"))
```

हे सूत्र मोहिमेच्या पहिल्या दिवशी शेवटच्या डोसला किती पूर्ण महिने झाले ते सांगते. आकडा १० पेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची वर्षाची मुदत पावसाळा सुरू झाल्यानंतर संपते, म्हणून त्याला आता संदेश न पाठवता त्याच्या मुदतीआधी तीन आठवडे पाठवावा. १० ते १४ आले तर साधारणपणे एक बूस्टर डोस पुरतो. १५ किंवा त्याहून अधिक आले तर दोन डोस लागतील असे धरून त्याला पहिल्या गटात ठेवावे. ही सीमारेषा किती महिन्यांवर आखायची ते प्रत्येक डॉक्टर वापरातल्या लसीनुसार ठरवतात, म्हणून यादी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना आकडा विचारून घ्यावा.

चार कुत्र्यांवर हे सूत्र चालवून पाहू. ब्राउनीला १२ जानेवारी २०२५ रोजी डोस दिला होता, उत्तर १४ येते, तिला एक डोस लागेल. शेरूला २० सप्टेंबर २०२४ रोजी दिला होता, उत्तर १८ येते, त्याला दोन डोस. मोतीला ३ ऑगस्ट २०२५ रोजी दिला, उत्तर ८ येते, त्याची आठवण जुलैमध्ये द्यायची. चौथी राणी. तिला २ फेब्रुवारी २०२६ रोजी आयुष्यातील पहिला लेप्टोचा डोस दिला आणि दुसऱ्यासाठी तिला कोणी आणलेच नाही. सूत्र तिच्यापुढे २ लिहिते आणि ती यादीत सर्वांत सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात सहा आठवड्यांची मर्यादा उलटून गेल्यामुळे तिला दोन्ही डोस नव्याने लागतील. सूत्राला हे कळत नाही. म्हणून 'पहिली मालिका पूर्ण झाली का' असा आणखी एक रकाना ठेवावा आणि त्यात 'नाही' असलेली सर्व कुत्री, आकडा काहीही असो, पहिल्या गटात घालावीत.

तारखांच्या बाबतीत एक नेहमीची गफलत होते. शीटची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल, तर ५ एप्रिल म्हणून लिहिलेली तारीख ४ मे म्हणून घेतली जाते, आणि १३ ते ३१ मधील दिवस असेल तर ती तारीखच न मानता नुसता मजकूर मानला जातो. असा मजकूर खान्यात डावीकडे चिकटतो आणि खरी तारीख उजवीकडे. रकान्यात काही नोंदी डावीकडे दिसल्या की आधी शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करावा आणि त्या तारखा पुन्हा भराव्यात.

यादी तयार झाल्यावर ती दवाखान्यातील सर्वांत जुन्या कर्मचाऱ्यासोबत एकदा नाव न् नाव वाचावी. गेलेल्या कुत्र्याच्या नावाने 'लसीची वेळ झाली' असा संदेश घरी पोहोचणे, ही त्या कुटुंबाला पुन्हा दुःख देणारी गोष्ट आहे, आणि त्याची भरपाई कोणत्याही माफीने होत नाही. जुन्या माणसांना हे ठाऊक असते, वहीत मात्र नोंद झालेली नसते. याच वाचनात घर बदलून पुण्याला गेलेले, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ लागलेले आणि पूर्वीच्या लसीनंतर चेहरा सुजलेला कुत्राही सापडतो. अशा कुत्र्याच्या घरी नेहमीचा संदेश न पाठवता डॉक्टरांनी स्वतः फोन करावा.

जागा आणि साठा पाहून गट पाडा

परळ-हिंदमाता भागातील एक लहान दवाखाना कल्पून हिशेब करू, कारण पाणी तुंबण्याचे त्या परिसराला नवल नाही. यादीत दोन डोस लागणारी ६० आणि एक डोस लागणारी ५० कुत्री आहेत. सोमवार ते शनिवार, दर सकाळी लसीसाठी सहा जागा राखता येतात. पंधरवड्यात कामाचे १२ दिवस, एक सुटी वगळून ११, म्हणजे ६६ जागा.

६ ते १८ एप्रिल हा पंधरवडा ६० कुत्र्यांच्या पहिल्या डोससाठी ठेवला. त्यात १४ एप्रिलची आंबेडकर जयंतीची सुटी वगळली आहे. २० एप्रिल ते २ मे हा पंधरवडा एका डोसच्या ५० कुत्र्यांसाठी ठेवला, त्यात १ मे महाराष्ट्र दिन. ४ ते १६ मे हा पंधरवडा पहिल्या गटाच्या दुसऱ्या डोससाठी, बरोबर चार आठवड्यांनी. शेवटचा डोस १६ मे रोजी पडतो आणि ११ जूनला अजून २६ दिवस उरतात. हे वेळापत्रक डोळ्यांसमोर असले म्हणजे कोणाला आधी संदेश पाठवायचा याचा वेगळा विचार करावा लागत नाही.

सकाळच्याच जागा का, हे पालक विचारतात आणि उत्तर देता यायला हवे. लसीनंतर क्वचित एखाद्या कुत्र्याला अंगावर गांधी उठणे, तोंड सुजणे, उलट्या अशी ॲलर्जीची प्रतिक्रिया येते आणि ती बहुधा पहिल्या काही तासांत दिसते. सकाळी लस दिलेली असली तर तेव्हा दवाखाना उघडा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी कुत्र्याला रिक्षाने आणणेही त्याच्यासाठी त्रासाचे असते. मात्र लोकलने कामाला जाणाऱ्यांसाठी आठवड्यातून एखादी लवकरची, साडेआठच्या सुमाराची जागा ठेवता आली तर ती अवश्य ठेवावी, अन्यथा ते पालक रविवारची वाट पाहत राहतात.

संदेश पाठवण्यापूर्वी फ्रिजमधील व्हायल मोजाव्यात आणि मुदत संपण्याच्या तारखा पाहाव्यात. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे महिनाभराचा साठा एकदम आणून लहान फ्रिजमध्ये कोंबणे योग्य नाही. साठ वैयक्तिक संदेश एकाच दिवशी गेले, तर सगळे एकाच शनिवारची मागणी करतात आणि साठाही अपुरा पडतो. दररोज पंधरा संदेश पाठवावेत, येणाऱ्या उत्तरांप्रमाणे पुरवठादाराकडे मागणी नोंदवावी.

सार्वजनिक पोस्ट

पहिल्या पोस्टचे काम एवढेच असते, की वाचणाऱ्याने उठून लसीकरण कार्ड शोधावे आणि स्वतःच्या कुत्र्याची तारीख पाहावी. वेळ ठरवण्याचा शब्द त्यात अगदी शेवटी यावा. मजकूर असा ठेवता येईल :

> कुत्र्यांच्या पालकांसाठी : लेप्टोच्या लसीची तारीख आत्ता पाहून ठेवा
>
> पावसाळा अजून अडीच महिन्यांवर आहे, तरी आठवण आत्ता देत आहोत, कारण काही कुत्र्यांना ही लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते आणि त्यानंतर ती प्रभावी होण्यास आणखी काही आठवडे जातात.
>
> लसीकरण कार्ड उघडा. ज्या स्टिकरवर लसीच्या नावाशेवटी इंग्रजी 'एल' हे अक्षर आहे, त्याच्या बाजूची तारीख पाहा. ती दहा महिन्यांपेक्षा जुनी असेल, किंवा असा स्टिकर सापडला नाही, तर कार्डाचा फोटो आम्हाला पाठवा. किती डोस लागतील ते डॉक्टर पाहून सांगतील.
>
> कुत्रा आजारी असेल, जेवत नसेल किंवा पूर्वी लसीनंतर त्रास झाला असेल, तर येण्याआधी फोन करावा.
>
> सोयीची सकाळ ठरवायची असल्यास खालील दुव्यावरून कळवा.

या मजकुरात 'त्वरा करा', 'मर्यादित जागा', 'आजच बुक करा' असे काहीही नाही, आणि ते मुद्दाम वगळले आहे. रुग्ण ओढून घेण्यासाठी जाहिरात करण्यावर पशुवैद्यकांच्या व्यावसायिक आचारसंहितेची बंधने आहेत, त्यामुळे सवलती, सोडती, 'मित्राला आणा' अशा योजना पोस्टमध्ये घालू नयेत आणि प्रत्येक पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी डॉक्टरांना वाचायला द्यावी. त्याशिवाय भीतीचा आणखी एक तोटा असतो. काविळीने पिवळ्या पडलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला, की पालक तो पाहताच बोट पुढे सरकवतात आणि खालचे कार्ड पाहण्याचे वाक्य वाचलेच जात नाही. फोटो लसीकरण कार्डाच्या पानाचा असावा, 'एल' असलेल्या स्टिकरभोवती एक वर्तुळ काढलेले, आणि त्यावरील पालकांचे नाव, पत्ता व फोन झाकलेला.

दुवा व्हॉट्सॲपचा देणे सर्वांत सोपे. क्रमांकाआधी ९१ लावावे, अधिकचे चिन्ह किंवा सुरुवातीचे शून्य लावू नये :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=LEPTO
```

हा दुवा दाबला की दवाखान्याशी संभाषण उघडते आणि शब्द आधीच लिहिलेला असतो, पालकांनी फक्त पाठवायचे. प्रसिद्ध करण्याआधी दवाखान्याबाहेरच्या एखाद्या फोनवरून तो दाबून पाहावा. दुवा इन्स्टाग्रामच्या पोस्टखालील मजकुरात घातला तर तो दाबता येत नाही. तेथे तो प्रोफाइलमध्ये ठेवून पोस्टमध्ये तसे लिहावे.

दुसरी पोस्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या जागा खुल्या झाल्याचे सांगणारी, तीन-चार ओळींची असावी. तिसरी मेच्या आरंभी, फक्त दुसऱ्या डोसविषयी.

वैयक्तिक संदेश

येथे कुत्र्याचे नाव, त्याची खरी तारीख आणि निवडण्यासाठी दोन वेळा, एवढे असले की पुरते. शेरूच्या घरी जाणारा संदेश पाहा :

> नमस्कार. शेरूला लेप्टोची लस शेवटची २० सप्टेंबर २०२४ रोजी दिल्याची आमच्याकडे नोंद आहे. मध्ये बराच काळ गेल्यामुळे या वेळी दोन डोस लागण्याची शक्यता आहे. तपासून डॉक्टर नक्की सांगतील. बुधवार ८ एप्रिल सकाळी १०.३० किंवा शनिवार ११ एप्रिल सकाळी ९.३० यांपैकी कोणती वेळ आपल्याला सोयीची होईल? मेमध्ये आपण गावी जाणार असाल तर तेही कळवावे, म्हणजे दुसऱ्या डोसची तारीख त्याप्रमाणे ठरवू. लस इतरत्र घेतली असल्यास कार्डाचा फोटो पाठवावा, आम्ही नोंद दुरुस्त करू. अशा आठवणी नको असल्यास 'नको' एवढे लिहिले तरी चालेल.

'केव्हा येता?' असे विचारले तर उत्तर 'बघतो' असे येते. दोन वेळा दिल्या की पालक त्यांतील एक निवडतात किंवा तिसरी सुचवतात, आणि दोन्ही बाबतींत संभाषण पुढे जाते. 'इतरत्र घेतली असल्यास' हे वाक्य पालकांना संकोचातून सोडवते, कारण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्याचे सांगणे अनेकांना अवघड वाटते आणि ते उत्तरच देत नाहीत. 'नको' लिहिणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे. पालकांचे नाव आणि फोन क्रमांक ही वैयक्तिक माहिती आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा मुख्य पाया संमती आहे. नव्या पालकांकडून केसपेपर भरून घेतानाच आठवणीसाठी संमतीची खूण करून घ्यावी.

शेरूच्या घरून उत्तर आले, की ८ तारीख चालेल, आणि २ मे रोजी सगळे सावंतवाडीला निघणार आहेत. चार आठवड्यांच्या हिशेबाने दुसरा डोस ६ मे रोजी आला असता. डॉक्टरांना विचारून तो तीन आठवड्यांवर, बुधवार २९ एप्रिलला घेतला आणि दोन्ही वेळा एकाच उत्तरात पक्क्या केल्या. दुसऱ्या डोसची वेळ पहिल्या डोसच्या दिवशीच, पालक समोर असताना कार्डावर लिहिणे ही सवय लावून घ्यावी. नंतर ठरवू म्हटलेले बहुधा राहून जाते.

संदेश एकेकाला पाठवावेत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी दवाखान्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच पोहोचतो. दीड-दोन वर्षांत न फिरकलेल्या पालकांपैकी अनेकांच्या फोनमध्ये तो नसतो, म्हणजे ज्यांना आठवणीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंतच ती जात नाही. पाठवलेल्या ब्रॉडकास्टची माहिती उघडून पाहिली, तर पोहोचलेल्यांच्या यादीत ही नावे दिसत नाहीत.

उत्तरांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येते : 'आमचा कुत्रा घरातच असतो, सोसायटीच्या बाहेर जात नाही.' याला वाद घालू नये. सोसायटीच्या आवारात, पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांजवळ उंदीर असतातच आणि कुत्रा शू करायला तेथेच उतरतो, एवढे सांगून 'तरी आवश्यकता किती आहे ते डॉक्टरांशी बोलून ठरवू शकता' असे लिहावे. दुसरे उत्तर अधिक काळजीपूर्वक वाचण्यासारखे असते : 'दोन दिवस जेवत नाहीये, लसीलाच आणतो तेव्हा दाखवतो.' आजारी कुत्र्याला लस देत नाहीत. अशा संदेशाला लसीची वेळ देऊ नये. लगेच फोन करून त्याच दिवशी तपासणीची वेळ द्यावी आणि डॉक्टरांना कळवावे.

उत्तर आले नाही तर, आणि पाऊस सुरू झाल्यावर

पहिल्या संदेशाला उत्तर नसेल तर सात ते दहा दिवसांनी एकदाच पुन्हा लिहावे, अधिक लहान आणि नव्या दोन वेळांसह. त्यानंतरही उत्तर नसेल तर संदेश थांबवावेत. राणीसारखी मालिका अर्धवट राहिलेली कुत्री एवढी याला अपवाद, कारण एक डोस झाला म्हणजे काम झाले असा त्यांच्या घरी समज असण्याचा संभव मोठा असतो. त्यांना फोन करावा आणि अर्धवट मालिकेवर विसंबता येत नाही हे स्पष्ट सांगावे.

पाऊस लागल्यावर मोहीम बंद करू नये, फक्त मजकूर बदलावा. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणून जूनअखेरीस सुरू केलेल्या दोन डोसांचाही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उपयोग होतो. मात्र त्या पोस्टमध्ये लस प्रभावी होण्यास वेळ लागेल हे पहिल्याच वाक्यात यावे आणि तोवर कुत्र्याला साचलेल्या पाण्यात नेऊ नये, डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये, फिरून आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत आणि ताप, उलट्या किंवा पिवळेपणा दिसल्यास लसीची वेळ न मागता थेट दवाखान्यात आणावे, एवढे लिहावे. 'पाण्यातून चालून आला, आता लस देता का?' असे विचारणारे फोन याच दिवसांत येतात. लस घडून गेलेल्या संसर्गावर उपाय नसते, त्यामुळे असा फोन रिसेप्शनवर न मिटवता डॉक्टरांकडे द्यावा, आणि पालकांना त्या कुत्र्याचे मूत्र उघड्या हातांनी साफ न करण्यास सांगावे.